नंबर दिसत नाही, पण प्लेट बोलते

पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारा एक नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्यात अडकलेल्या गाड्यांची रांग आणि खाली मजकूर : ‘बघा आपली मुंबई!’ फोटो धूसर आहे. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत. माणसं छत्र्यांखाली झाकलेली. गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालल्या आहेत, म्हणजे भारतात असतात तशाच. मग हा फोटो मुंबईचा नाही असं म्हणायला आधार कशाचा?

आधार नंबरप्लेटचा. तिच्यावरचा नंबर वाचता येत नसला तरी.

नंबरप्लेट म्हटलं की आपलं लक्ष आकड्यांकडे जातं. पण फोटोवरून देश ओळखायचा असेल तेव्हा नंबर बहुतेक वेळा उपयोगी नसतो. एक तर गाडी लांब असते. शिवाय रस्त्यांचे जे लाखो फोटो आज इंटरनेटवर आहेत, त्यात गूगल स्ट्रीट व्ह्यूसारख्या सेवा २००८ पासून चेहरे आणि नंबरप्लेट मुद्दाम धूसर करतात. गंमत अशी, की धूसर केल्याने अक्षरं पुसली जातात, पण प्लेटची लांबी-रुंदी, तिचा रंग, कडेची पट्टी आणि अक्षरांच्या गटांमधली मोकळी जागा बऱ्याचदा तशीच राहते. रस्त्याचा फोटो दाखवून ‘जगात आपण कुठे आहोत ते सांगा’ असं विचारणारा ‘जिओगेसर’ हा खेळ २०१३ मध्ये निघाला. तो मुरलेले खेळाडू नंबर वाचायचा प्रयत्नच करत नाहीत. ते आधी आकार बघतात, मग रंग, मग पट्टी आणि सगळ्यात शेवटी अक्षरांची मांडणी.

हा क्रम सोयीचा आहे, कारण फोटो बिघडत जातो तशा या खुणाही साधारण उलट क्रमाने पुसल्या जातात. मांडणी आधी जाते, मग पट्टी, मग रंग. आकार शेवटपर्यंत टिकतो.

युरोपातल्या बहुतेक देशांत मोटारीची प्लेट सुमारे ५२० मिलिमीटर लांब आणि ११० मिलिमीटर उंच असते. म्हणजे लांबी उंचीच्या जवळजवळ पाचपट. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत ती १२ इंच बाय ६ इंच, म्हणजे बरोबर दुप्पट. हे माप तिथे १९५० च्या दशकात ठरलं आणि तेच चालू आहे. जपानची साधी प्लेट ३३० बाय १६५ मिलिमीटर, तीही दुप्पट. आपल्याकडे मोटारीची लांब प्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची, म्हणजे दुरून पाहता युरोपच्याच घराण्यातली. एवढ्या एका मोजमापाने अर्धं जग बाजूला होतं. मोजण्यासाठी फूटपट्टी लागत नाही. फोटो मोठा करून प्लेटची लांबी उंचीच्या किती पट आहे एवढं डोळ्याने पाहायचं.

इथे एक फसगत होते. गाडी तिरपी उभी असेल तर प्लेटची लांबी आखडते, उंची मात्र तेवढीच दिसते. पाचपट लांबीची प्लेट तिरप्या फोटोत तिप्पटही वाटू शकते. म्हणून मोजायला समोरासमोर असलेली गाडीच निवडावी. तशी नसेल तर गाडीच्या मागच्या दरवाजावर प्लेटसाठी ठेवलेला खोलगट चौकोन पाहावा. जपानसाठी बनलेल्या मोटारीत तो चौकोन आखूड असतो. अशी जुनी गाडी दुसऱ्या देशात विकली जाते, तेव्हा तिथली लांब प्लेट त्या चौकोनाबाहेर दोन्ही बाजूंना डोकावते, नाहीतर मागच्या बाजूला नंबर दोन ओळींत लिहावा लागतो.

आता त्या पाणी साचलेल्या रस्त्याकडे वळू. आकार लांबट आहे. एवढ्यावरून भारत बाद होत नाही. आता रंग.

आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या पुढच्या प्लेट पांढऱ्या दिसताहेत आणि आपल्यापासून दूर जाणाऱ्यांच्या मागच्या प्लेट पिवळ्या. मुंबईकराला यात काही वेगळं वाटणार नाही. पांढऱ्या त्या खासगी, पिवळ्या त्या टॅक्सी आणि टेम्पो, असं तो सहज म्हणेल. पण भारतात प्लेटचा रंग गाडीच्या वापरावर ठरतो आणि एकाच गाडीला पुढे-मागे रंग एकच असतो. खासगी गाडी दोन्हीकडून पांढरी, भाड्याची दोन्हीकडून पिवळी, विजेवर चालणारी दोन्हीकडून हिरवी. चालकाशिवाय भाड्याने मिळणाऱ्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात, तीही दोन्हीकडे. तेव्हा प्रश्न असा विचारायचा, की दूर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची प्लेट पिवळी आहे का? आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकीची पांढरी? घरगुती छोट्या मोटारी, सामान पोचवणाऱ्या व्हॅन, महागड्या गाड्या, सगळ्यांच्या बाबतीत हेच दिसत असेल, तर इथे रंग वापरावर ठरत नाही, बाजूवर ठरतो. आणि मग हा फोटो भारतातला नाही.

पुढे पांढरी आणि मागे पिवळी ही रीत ब्रिटनची. तिथे पूर्वी काळ्या पाटीवर पांढरी किंवा चंदेरी अक्षरं असत. पुढे प्रकाश परत फेकणाऱ्या पाट्या आल्या आणि १९७३ पासून नव्या गाड्यांना त्या सक्तीच्या झाल्या. अंधारात दिव्याचा उजेड पडला, की समोरची गाडी येते आहे की जाते आहे हे रंगावरून कळतं. जिथे ब्रिटिशांचं राज्य होतं अशा काही देशांनी हा बदल उचलला, काहींनी नाही. मलेशियात आजही काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं आहेत. भारताने वापरानुसार रंग ठेवले. आयर्लंड ब्रिटनच्या शेजारी, गाड्या डावीकडूनच चालवणारा, पण तिथे दोन्ही प्लेट पांढऱ्या.

पांढरी-पिवळी जोडी आणि डावीकडची वाहतूक एकत्र पाहिली, की मुख्य उमेदवार चार उरतात : ब्रिटन, हाँगकाँग, श्रीलंका आणि केनिया. आफ्रिकेतले आणखीही काही आहेत, आणि सायप्रसच्या जुन्या गाड्यांवर ही जोडी सापडते. तिथे २०१३ पासून नव्या गाड्यांना दोन्हीकडे पांढरी प्लेट मिळते. पण चौघांवरच लक्ष देऊ, कारण फोटो बहुधा त्यांच्यापैकीच कुठला तरी असतो.

आता मांडणीची पाळी. अक्षरं वाचता आली नाहीत तरी मधली फट दिसते का पाहायचं. ब्रिटनमध्ये २००१ पासून दोन अक्षरं, दोन आकडे, मग फट, मग तीन अक्षरं अशी रचना आहे. धूसर फोटोत ती चार ठिपक्यांचा मोठा गठ्ठा आणि तीन ठिपक्यांचा लहान गठ्ठा अशी दिसते. मोठा डावीकडे, लहान उजवीकडे. हाँगकाँगमध्ये साधारणपणे दोन अक्षरं आणि पुढे चारपर्यंत आकडे, म्हणजे लहान गठ्ठा डावीकडे. केनियात ‘के’ने सुरू होणारी तीन अक्षरं, मग तीन आकडे आणि त्याला चिकटून एक अक्षर. तीन आणि चार, ब्रिटनच्या बरोबर उलट. श्रीलंकेतही तीन अक्षरं आणि चार आकडे, पण त्याआधी डाव्या टोकाला राजचिन्ह आणि प्रांताची दोन बारीक अक्षरं असलेली प्लेट रस्त्यावर सर्रास दिसते. त्यामुळे डावीकडे एक तिसरा, बारकासा डाग उमटतो.

केनिया आणि श्रीलंका यांच्यात त्या बारीक डागाखेरीज फरक नाही, आणि फोटो अगदीच वाईट असेल तर डाग जातो. तेव्हा प्लेट सोडून इकडे तिकडे पाहावं लागतं. श्रीलंकेत तीन चाकी रिक्षा पावलोपावली आहेत. केनियात प्रवासी मिनीबसच्या अंगावर आडवा पिवळा पट्टा असतो. नंबरप्लेटचं काम देशांची संख्या दोनवर आणून ठेवणं. शेवटचा निकाल तिनेच लावावा असा आग्रह धरला तर चूक ठरलेली.

आपल्या फोटोत मोठा गठ्ठा डावीकडे आहे. शिवाय दोन गाड्यांच्या प्लेटच्या डाव्या टोकाला रंगीत उभी पट्टी आहे, एकीची निळी, एकीची हिरवी. डिसेंबर २०२० पासून ब्रिटनमध्ये धूर न सोडणाऱ्या गाड्यांना हिरवी पट्टी लावण्याची मुभा आहे. एवढं जुळल्यावर ब्रिटन म्हणायला हरकत नाही. एक पळवाट तेवढी राहते. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्याच राज्यात आहे, प्लेटचे रंगही तेच, पण तिथली रचना वेगळी : तीन अक्षरं आणि चारपर्यंत आकडे. त्या तीन अक्षरांत ‘आय’ किंवा ‘झेड’ असतंच. म्हणजे बेलफास्टचा रस्ता धूसर फोटोत नैरोबीसारखी मांडणी दाखवू शकतो. सुदैवाने दोन्ही शहरांत एकच हवामान, एकच झाडं आणि एकच घरं नसतात.

पिवळ्याची गोष्ट निघालीच आहे तर तीच पुढे नेऊ. पुढची प्लेटही पिवळी, मागचीही पिवळी आणि गाड्या घरगुती, असा फोटो आला तर? वाहतूक उजवीकडून असेल तर पहिला अंदाज नेदरलँड्सचा, आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो. पण लक्झेंबर्ग, इस्रायल आणि कोलंबिया हेही दोन्हीकडून पिवळे आहेत. यातला कोलंबिया आकारानेच वेगळा पडतो. तिथली प्लेट आखूड, साधारण दुप्पट लांबीची, आणि खाली बारीक अक्षरांत गावाचं नाव. उरलेल्या तिन्ही लांबट. इस्रायलच्या प्लेटवर नुसते आकडे असतात, पूर्वी सात, २०१७ पासून नव्या गाड्यांना आठ. ते तीन गटांत विभागलेले. नेदरलँड्समध्येही तीन गट आणि मध्ये दोन आडव्या रेघा, पण आकड्यांबरोबर अक्षरं येतात. लक्झेंबर्गमध्ये नेहमीची रचना दोन अक्षरं आणि चार आकडे, म्हणजे दोनच गट. युरोपातला फोटो आहे एवढं जरी इमारतींवरून कळलं, तरी गट दोन की तीन हे मोजून नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग वेगळे होतात. नेदरलँड्समध्ये टॅक्सीची प्लेट निळी असते, ती एखादी मध्येच दिसली तर शंका उरत नाही.

सगळ्यात अवघड भाग पांढऱ्या युरोपचा. पांढरी लांब पाटी, डाव्या टोकाला निळी पट्टी, काळी अक्षरं. लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत एकच रूप. ही निळी पट्टी युरोपीय संघाच्या १९९८ च्या नियमामुळे सगळीकडे पोचली. तिच्यावर संघाचे बारा तारे आणि खाली देशाची अक्षरं असली, की गाडीच्या मागे देशाचा वेगळा लंबगोल स्टिकर न लावता संघातल्या इतर देशांत जाता येतं. सोय उत्तम, पण फोटो ओळखणाऱ्याची पंचाईत झाली. त्यातून संघाबाहेरच्या देशांनीही तशीच पट्टी घेतली. तुर्कस्तानच्या प्लेटवर निळी पट्टी आहे, तारे नाहीत. नॉर्वे आणि युक्रेनच्या पट्टीवर झेंडा आहे. धूसर फोटोत तारे दिसत नाहीत, पण पट्टीच्या वरच्या भागात फिकट डाग पडतो. तुर्कस्तानच्या पट्टीत तो पडत नाही. वरचा भाग सपाट निळा राहतो. स्वित्झर्लंड मध्यभागी असूनही पट्टीविना आहे.

म्हणून ‘निळी पट्टी आहे का’ यापेक्षा ‘निळ्या पट्ट्या किती आहेत’ हा प्रश्न जास्त कामाचा. दोन्ही टोकांना निळं दिसलं तर बहुतेक फ्रान्स, इटली किंवा अल्बानिया. फ्रान्सने २००९ मध्ये नवी पद्धत आणली. उजव्या पट्टीवर प्रदेशाचं चिन्ह आणि जिल्ह्याचा आकडा येतो. गमतीची गोष्ट म्हणजे तो जिल्हा गाडीमालकाने हवा तो निवडायचा, राहतो तिथलाच असायला पाहिजे असं नाही. पॅरिसचा माणूस आजोळच्या ब्रिटनी प्रांताचं चिन्ह लावून फिरू शकतो. त्यामुळे त्या आकड्यावरून देश पक्का होतो, गाव होत नाही. इटलीच्या उजव्या पट्टीवर नोंदणीचं वर्ष आणि प्रांताची अक्षरं असतात. अल्बानियाने २०११ पासून दोन निळ्या पट्ट्यांची प्लेट घेतली. आणि तिन्ही देशांची रचना दोन अक्षरं, तीन आकडे, दोन अक्षरं अशी एकसारखी!

यातून मार्ग निघतो तो पुन्हा आकाराने. इटलीत मोटारीची पुढची प्लेट मागच्यापेक्षा आखूड असते, ३६० मिलिमीटर. मागची नेहमीची ५२०. फ्रान्समध्ये पुढची-मागची सारखी लांब. त्यामुळे आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मोटारींच्या नाकावर छोट्या, लांबीने सव्वातीनपट वाटणाऱ्या प्लेट दिसल्या आणि त्यांच्या दोन्ही कडा निळ्या असल्या, तर इटली. फोटोत गाड्यांची फक्त पाठ दिसत असेल तर हा उपाय चालत नाही, मग दोन गाड्यांच्या मध्ये कुठेतरी तोंड दिसतंय का ते शोधायचं. रस्त्यावर उभ्या गाड्यांची रांग असली की एखादी तरी उलट्या तोंडाची सापडते.

काही देशांनी मात्र पांढऱ्यातही ओळख ठेवली आहे. बेल्जियमची अक्षरं काळी नसून गडद लाल आहेत, त्यामुळे धूसर केलेली प्लेट किंचित गुलाबी दिसते. ऑस्ट्रियाच्या प्लेटच्या वरच्या आणि खालच्या कडेला लाल रेघा असतात. जर्मनीत जिल्ह्याची अक्षरं आणि पुढचा नंबर यांच्यामध्ये गोल शिक्के असतात, मागच्या प्लेटवर एकावर एक दोन. पोर्तुगालच्या उजव्या टोकाला पिवळी पट्टी होती, तिच्यावर नोंदणीचं वर्ष आणि महिना. २०२० पासून नव्या प्लेटवर ती नाही. स्पेनमध्ये २००० पासून चार आकडे आणि तीन व्यंजनं. स्वर वगळले, त्यामुळे नको ते शब्द तयार होत नाहीत.

आणि काही ठिकाणी हात टेकावे लागतात. लिथुआनियात तीन अक्षरं आणि तीन आकडे, एस्टोनियात तीन आकडे आणि तीन अक्षरं. अक्षर वाचता आलं तर दोन्ही देश क्षणात वेगळे होतात, नाही आलं तर तीन-तीनचे दोन गठ्ठे आणि डावीकडे निळी पट्टी, दोघांचं रूप एकच. पोलंड, चेक प्रजासत्ताक, हंगेरी यांच्या धूसर प्लेटवरून ठामपणे सांगणारा माणूस बहुधा दुसऱ्याच कशावरून तरी सांगत असतो, विजेच्या खांबावरून नाहीतर रस्त्याच्या कडेच्या खुंटांवरून.

आपल्या शेजारचं एक उदाहरण घेतो, कारण हिमालयाचे फोटो आपल्याकडे भरपूर फिरतात आणि त्यांचे मथळे भरपूर चुकतात. डोंगर, वळणाचा रस्ता, डावीकडची वाहतूक, आणि गाडीला लाल प्लेट. लाल म्हटल्यावर भारत जवळजवळ बाद, कारण आपल्याकडे लाल पाटी मोजक्या कामांसाठी. उरतात नेपाळ आणि भूतान. दोन्हीकडे खासगी गाडीला लाल प्लेट आणि पांढरी अक्षरं. नेपाळची जुनी पद्धत देवनागरीची, अक्षरंही आणि आकडेही. मराठी माणसाला ती वाचताना परकं काही वाटत नाही. भाड्याच्या गाडीची प्लेट काळी. भूतानमध्ये इंग्रजी अक्षरं आणि टॅक्सीची प्लेट पिवळी. तेव्हा लाल प्लेटवरून दोन देश, आणि रस्त्यावर काळ्या प्लेटची बस दिसते की पिवळ्या प्लेटची टॅक्सी, यावरून एक. नेपाळने अलीकडे इंग्रजी अक्षरांच्या ठोकीव प्लेटही आणल्या आहेत, म्हणून देवनागरी दिसली नाही म्हणजे नेपाळ नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

चुका होतात त्या साधारण तीन वाटांनी. पहिली उजेडाची. जुन्या सोडियम दिव्यांच्या रस्त्यावर पांढरी प्लेट सरसकट पिवळी दिसते आणि मग सगळं जग नेदरलँड्स होतं. उपाय सोपा आहे. त्याच फोटोत जी वस्तू नक्की पांढरी असते, म्हणजे रस्त्यावरचा झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा किंवा पांढरी मोटार, तिच्याशी प्लेट ताडून बघायची. पट्टाही तितकाच पिवळा असेल तर प्लेट पांढरी आहे.

दुसरी वाट आरशाची. फोटो उलटा करून पाठवणारे लोक असतात, कधी हौसेने, कधी पकडलं जाऊ नये म्हणून. उलटा केला की डावीकडची वाहतूक उजवीकडे जाते आणि सगळा तर्क कोसळतो. अक्षरं धूसर असली तर उलटी आहेत हेही कळत नाही. पण युरोपच्या प्लेटची एकुलती एक निळी पट्टी डावीकडेच असते. ती सगळ्या गाड्यांवर उजवीकडे दिसली तर फोटो उलटा आहे असं समजावं. ब्रिटनच्या चार-तीन गठ्ठ्यांची अदलाबदल होऊन तीन-चार दिसेल, तेव्हा केनियावर उडी मारण्याआधी हीही शक्यता तपासावी लागते. केनियासुद्धा डावीकडून चालतो, आणि उलट्या फोटोत वाहतूक उजवीकडे दिसेल, म्हणून ही चूक सहसा पकडली जाते.

तिसरी वाट सगळ्यात मोठी. प्लेट गाडीची नोंदणी कुठे झाली ते सांगते, गाडी उभी कुठे आहे ते नाही. युरोपच्या महामार्गावर मालट्रक पाहून देश ओळखायला जाणं म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटात उभं राहून एखाद्या वारकऱ्याच्या बोलीवरून पंढरपूरची बोली ठरवणं. पोलंड, रोमेनिया, लिथुआनियाचे ट्रक स्पेनपर्यंत जातात. सीमेजवळच्या गावांत अर्ध्या गाड्या पलीकडच्या असू शकतात. त्यामुळे मालट्रक आधी वगळायचे. पर्यटनाच्या जागेवरचा वाहनतळही वगळायचा. विश्वास ठेवायचा तो राहत्या वस्तीतल्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांवर, आणि त्याहून जास्त नगरपालिकेच्या कचरागाडीवर किंवा शहर बसवर. कचरागाडी देशाबाहेर फिरायला जात नाही. आणि एका गाडीवरून कधीच ठरवायचं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत पुढे नंबरप्लेट लावायचं बंधन नाही, आणि तिथले जर्मन मोटारींचे शौकीन त्या रिकाम्या जागी हौसेची युरोपी प्लेट ठोकतात. एवढी एकच गाडी फोटोत असेल तर अमेरिकेऐवजी बव्हेरिया सांगून बसाल. तिची मागची बाजू दिसली तर १२ बाय ६ ची खरी प्लेट सापडेल.

देश ठरला, की प्लेट आणखी एक गोष्ट सांगते : फोटो कधीचा. पण यात दिशा लक्षात ठेवावी लागते. इंडोनेशियात पूर्वी काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं होती, २०२२ पासून पांढऱ्यावर काळी यायला लागली. ब्राझीलमध्ये करड्या प्लेटच्या जागी २०१८ पासून वरच्या कडेला निळी पट्टी असलेली पांढरी प्लेट आली. फोटोत नवी प्लेट दिसली तर फोटो त्या वर्षाच्या आधीचा नाही हे पक्कं. जुनी दिसली तर मात्र काहीच पक्कं नाही, कारण जुन्या गाड्या जुनी प्लेट घेऊन वर्षानुवर्षं धावतात. ब्रिटनच्या प्लेटमधले दोन आकडे नोंदणीचा काळ सांगतात. मार्च २०२४ पासूनच्या गाड्यांना २४, सप्टेंबर २०२४ पासूनच्यांना ७४, असं दर सहा महिन्यांनी बदलतं. हौशी लोक जुना नंबर विकत घेऊन नव्या गाडीवर लावू शकतात, पण गाडी आहे त्यापेक्षा नवी वाटेल असा नंबर लावायला तिथे कायद्याने बंदी आहे. म्हणून ते दोन आकडे आधीची हद्द नेहमी खरी सांगतात. नंतरची हद्द तेही सांगत नाहीत.

नंतरची हद्द सांगणारी प्लेट माझ्या माहितीत एकच चांगली, जर्मनीची. तिथे मागच्या प्लेटवरच्या दोन गोल शिक्क्यांपैकी वरचा शिक्का तांत्रिक तपासणीची मुदत संपण्याचं वर्ष आणि महिना दाखवतो. साध्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी होते, म्हणून शिक्क्यावरच्या वर्षाच्या मागे दोन-तीन वर्षांच्या आतच फोटो काढलेला असणार, मालकाने मुदत चुकवली नसेल तर. शिक्क्याचा रंग वर्षागणिक बदलतो आणि सहा वर्षांनी तोच रंग पुन्हा येतो. त्यामुळे आकडा वाचता आला नाही तरी सहापैकी कोणतं वर्ष ते रंगावरून निघतं. महिन्याचे आकडे शिक्क्यावर घड्याळाच्या उलट दिशेने छापलेले असतात आणि शिक्का असा चिकटवतात, की मुदतीचा महिना वर येईल. बाराच्या आकड्याजवळची कड काळी असते. आकडे उलटे फिरत असल्यामुळे ती काळी खूण आपोआप घड्याळाच्या काट्यासारखी त्या महिन्याच्या जागी जाते. खूण उजवीकडे तीनच्या जागी असेल तर मार्च, डावीकडे नऊच्या जागी असेल तर सप्टेंबर. मागून येणाऱ्या पोलिसाला आकडा न वाचता मुदत कळावी म्हणून ही सोय आहे. फोटो बऱ्यापैकी स्वच्छ असेल आणि गाडी पाठमोरी उभी असेल, तर तिचा उपयोग आपल्यालाही करता येतो.